धागा: ब्रोमाइड आयनात न्यूट्रॉन किती? ४४, ४५ की ४६?

प्राजक्ता_वाई

नमस्कार मंडळी. मी स्वतः कॉमर्सची, त्यामुळे या विषयात माझं डोकं फारसं चालत नाही. लेक अकरावी सायन्सला आहे. परवा तिच्या क्लासच्या चाचणीत हा प्रश्न आला होता, जसाच्या तसा देते:

"Br⁻ या आयनातील प्रोटॉन, न्यूट्रॉन व इलेक्ट्रॉन यांची संख्या लिहा. (अणुअंक ३५, अणुवस्तुमान ७९.९०)"

लेकीने लिहिलं: प्रोटॉन ३५, इलेक्ट्रॉन ३६, न्यूट्रॉन "४४ किंवा ४६, कारण अणुवस्तुमानांक दिलेला नाही". सरांनी न्यूट्रॉनवर लाल फुली मारून बाजूला ४५ लिहिलं. एक मार्क गेला. मार्काचं तिला तेवढं नाही, पण दोन दिवस ती एकच म्हणतेय, "आई, पंचेचाळीस न्यूट्रॉनचा ब्रोमीन बाटलीत नसतोच." मला यातलं काही कळत नाही आणि तिला खोटं पाडायची माझी इच्छा नाही. कोण बरोबर आहे? सरांशी बोलायला जाऊ का?

भरारी_८८

ताई, उत्तर ४५ च. सोपी रीत आहे: अणुवस्तुमान जवळच्या पूर्णांकात करा, त्यातून अणुअंक वजा करा. ७९.९० म्हणजे ८०. ८० वजा ३५, पंचेचाळीस. सोडियम २२.९९ म्हणजे २३, वजा ११, बारा न्यूट्रॉन. अॅल्युमिनियम २६.९८ म्हणजे २७, वजा १३, चौदा. फॉस्फरस, मँगनीज, सोनं, कुठलंही घ्या, बरोबर येतं. मी सात वर्षं नीटच्या मुलांना शिकवतोय. आणि एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात हेच ब्रोमीनचं उदाहरण सोडवून दिलंय, तिथेही ८० धरून ४५ च आहे. लेकीला सांगा, परीक्षेत जास्त खोलात जाऊ नये.

मिलिंद_खेडेकर

मला वाटतं सगळेच चुकताय. चूक न्यूट्रॉनमध्ये नाही, इलेक्ट्रॉनमध्ये आहे. वर उणे एकचं चिन्ह आहे ना? म्हणजे एक कमी झाला. ३५ मधून एक गेला की ३४. मुलीने ३६ लिहिलंय आणि सरांनी ते बरोबर धरलंय, हे कसं?

निवृत्त_मास्तर

खेडेकर, हा गोंधळ मी वर्गात तीस वर्षं दरवर्षी पाहिला, म्हणून आधी तो बाजूला करू.

उणे चिन्ह प्रभाराचं आहे, इलेक्ट्रॉनच्या संख्येचं नाही. इलेक्ट्रॉन स्वतःच उणे प्रभाराचा असतो, त्यामुळे अणू उणे झाला याचा अर्थ त्याच्याकडे एक इलेक्ट्रॉन जास्त आला. सूत्रात घालताना कंस विसरू नका:

इलेक्ट्रॉन = अणुअंक − प्रभार = ३५ − (−१) = ३६

आणि सूत्र आठवत नसेल तर उलट ताळा करा. ३५ धन आणि ३६ ऋण, बेरीज उणे एक. जुळलं. तुमचे ३४ धरले तर ३५ धन, ३४ ऋण, बेरीज अधिक एक, म्हणजे Br⁺ झाला. लोखंडाच्या Fe³⁺ मध्येही मुलं २९ लिहितात. तिथे ताळा केला की २६ धन, २९ ऋण, म्हणजे उणे तीन. चूक लगेच दिसते.

प्रोटॉनला मात्र कुणी हात लावायचा नाही. ३५ चे ३४ झाले तर तो ब्रोमीन राहत नाही, सेलेनियम होतो. आयन होताना केंद्रकात काहीच हलत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. प्राजक्ताताई, तुमच्या लेकीचं उत्तर बरोबर आहे. पण भरारींचं म्हणणं सरसकट मोडीत काढण्यासारखंही नाही, त्यांची रीत बऱ्याच मूलद्रव्यांना चालते. ती नेमकी ब्रोमीनलाच का चालत नाही, यावर संध्याकाळी निवांत लिहितो.

लॅबवाली

मास्तर लिहीपर्यंत मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. औषधाच्या कारखान्यात क्यूसीत आहे, रोज मास स्पेक्ट्रोमीटरवर बसते. या यंत्रात रेणूचा एक इलेक्ट्रॉन उडवला जातो, म्हणजे तो +१ आयन होतो, आणि असे आयन वस्तुमानाप्रमाणे वेगळे होऊन कागदावर एकेक पीक म्हणून दिसतात.

ब्रोमोबेन्झीन घ्या, C₆H₅Br. भरारी सरांच्या रीतीने: कार्बन सहा बारे ७२, हायड्रोजन ५, ब्रोमीन ८०, बेरीज १५७. बाटलीवरच्या लेबलवरही रेणुभार १५७ च असतो. मग पीक १५७ वर हवं, नाही का?

प्रत्यक्षात मोठी दोन पीकं येतात, एक १५६ ला आणि एक १५८ ला, जवळजवळ सारख्या उंचीची. मध्ये १५७ ला अगदी बुटकं काहीतरी असतं. तेही ब्रोमीनचं नाही, कार्बनच्या सहापैकी एखादा अणू तेराचा असतो त्याचं असतं. आमच्याकडे नवीन मुलगी आली की तिला पहिल्या आठवड्यात हेच शिकवतो: सारख्या उंचीची जुळी पीकं दोनच्या अंतरावर दिसली की रेणूत एक ब्रोमीन आहे. तीनास एक अशी दिसली तर क्लोरीन.

१५६ मधून ७२ आणि ५ वजा करा, ७९. १५८ मधून करा, ८१. ब्रोमीनचे अणू दोनच प्रकारचे, ७९ चे आणि ८१ चे, जवळपास निम्मे निम्मे. ऐंशीचा नाहीच. म्हणून न्यूट्रॉन ४४ किंवा ४६. तुमच्या मुलीने कुठून वाचलं माहीत नाही, पण "बाटलीत नसतोच" हे तिचं वाक्य शब्दशः खरं आहे.

प्राजक्ता_वाई

लॅबवाली, तुमचं तिला वाचून दाखवलं. तिने लगेच वहीत १५६ वाल्याचा पूर्ण हिशोब मांडला. विचारतेय की बरोबर आहे का:

प्रोटॉन: कार्बन ३६, हायड्रोजन ५, ब्रोमीन ३५, एकूण ७६.
न्यूट्रॉन: कार्बन ३६, हायड्रोजन ०, ब्रोमीन ४४, एकूण ८०.
इलेक्ट्रॉन: ७६ मधून एक उडाला, ७५.
ताळा: ७६ + ८० = १५६.

लॅबवाली

पूर्ण बरोबर! आणि हायड्रोजनला शून्य न्यूट्रॉन लिहिलं याबद्दल शाबासकी द्या. पुष्कळ जण तिथे सवयीने एकेक धरतात आणि मग पाचाने चुकतात.

शून्य_बाकी

मी चार्टर्ड अकाउंटंट, विज्ञान दहावीत सुटलं. पण आकडे जुळत नसले की मला झोप येत नाही, म्हणून विचारतो.

निम्मे निम्मे म्हणता ते नेमकं किती, ते शोधलं. ७९ चे ५०.७ टक्के आणि ८१ चे ४९.३ टक्के. सरासरी काढली: ७९ गुणिले ०.५०७ म्हणजे ४०.०५, ८१ गुणिले ०.४९३ म्हणजे ३९.९३. बेरीज ७९.९८, अगदी काटेकोर केली तर ७९.९९ च्या आसपास. पण तक्त्यात ७९.९० आहे. जवळजवळ ०.०९ चा फरक पडतोय. हा टक्केवारीतल्या गोलाईचा फरक नाही, त्यासाठी तो फारच मोठा आहे. मग हे कुठे गेलं?

भरारी_८८

शून्य_बाकी, मोजमापातली चूक असणार. एवढं तर चालतंच.

निवृत्त_मास्तर

भरारी, मोजमापातली चूक नाही. ही वस्तुमानं दशांश चिन्हानंतर पुष्कळ घरांपर्यंत अचूक माहीत आहेत. शून्य_बाकींनी नेमक्या जागी बोट ठेवलंय आणि सगळ्या धाग्याची गाठ तिथेच आहे.

आपण मराठीत अणुवस्तुमानांक म्हणतो. शब्दात वस्तुमान असल्यामुळे वाटतं की ते वजन आहे. पण ती निव्वळ मोजणी आहे, प्रोटॉन अधिक न्यूट्रॉन, मोजलेली डोकी. म्हणून ती कायम पूर्णांक असते. अणूचं खरं वस्तुमान ही वेगळी गोष्ट, आणि ते मोजावंच लागतं.

७९ वाल्या ब्रोमीनचा अणू घ्या. त्याचे सुटे भाग, म्हणजे ३५ प्रोटॉन आणि त्यांचे ३५ इलेक्ट्रॉन अधिक ४४ न्यूट्रॉन, वेगवेगळे ठेवून वजन केलं तर बेरीज साधारण ७९.६६ येते. कारण सुटा प्रोटॉन आणि सुटा न्यूट्रॉन, दोघंही एकापेक्षा किंचित जड आहेत. पण हेच सगळे केंद्रकात घट्ट बांधले की अणूचं वस्तुमान ७८.९२ भरतं. जो फरक पडला तो बांधणीच्या वेळी ऊर्जा होऊन बाहेर गेला. ८१ वाल्याचं वस्तुमान ८०.९२. आता हे आकडे घेऊन सरासरी काढा.

शून्य_बाकी

७८.९२ गुणिले ०.५०७ = ४०.०१. ८०.९२ गुणिले ०.४९३ = ३९.८९. बेरीज ७९.९०.

जुळलं. आज झोप लागेल.

निवृत्त_मास्तर

आता सकाळचं राहिलेलं. तक्त्यातला आकडा ही बाजारातल्या मिश्रणाची सरासरी आहे. सोडियमला ही सरासरी गोल करून चालते, कारण निसर्गात सोडियमचा एकच प्रकार आहे, २३ चा. अॅल्युमिनियम, फॉस्फरस, मँगनीज, सोनं, भरारींनी दिलेली सगळी उदाहरणं एकाच प्रकारची. सरासरी काढायला दुसरं कुणी नाहीच, म्हणून उत्तर बरोबर येतं. रीत बरोबर असल्याने नव्हे, तर उदाहरणं तशी निवडली गेल्याने.

दोन प्रकार असले की सरासरी मध्ये कुठेतरी पडते. आणि मध्ये कोण आहे? ब्रोमीनच्या बाबतीत ८०, म्हणजे ३५ प्रोटॉन आणि ४५ न्यूट्रॉन. दोन्ही विषम. केंद्रकात प्रोटॉन प्रोटॉनशी आणि न्यूट्रॉन न्यूट्रॉनशी जोडी करून राहायला बघतात. दोन्ही बाजूंना एकेक सुटा उरला की ते केंद्रक बहुधा टिकत नाही. नायट्रोजन १४ सारखे, सात आणि सात, थोडेच हलके अपवाद आहेत. ब्रोमीन ८० प्रयोगशाळेत बनवता येतो, पण त्यातले निम्मे अणू साधारण १८ मिनिटांत बदलून जातात, बहुतेक क्रिप्टॉन होऊन.

म्हणून अणुअंक विषम असेल आणि गोल केलेला आकडा सम आला, तर तिथेच थांबावं. तांबं २९, तक्त्यात ६३.५५, गोल करून ६४. प्रत्यक्षात तांब्याचे ६३ आणि ६५. चांदी ४७, १०७.८७, गोल करून १०८. प्रत्यक्षात १०७ आणि १०९. क्लोरीनला ३५.४५ वरून ३५ येतं ते नशिबाने बरोबर. पण शाळेत आपण ३५.५ शिकवतो, ते गोल केलं की ३६, म्हणजे पुन्हा नसलेला प्रकार.

ब्रोमीनची ही गोष्ट जुनी आहे. केंब्रिजला अॅस्टन यांनी १९१९ मध्ये आपलं यंत्र उभं केलं, आणि लॅबवाली ज्यावर बसतात त्याचा तो पूर्वज. ब्रोमीनचा अणुभार ऐंशीच्या इतका जवळ की हे मूलद्रव्य एकजिनसी असणार, असं समजायला जागा होती. अॅस्टन यांना १९२० मध्ये ७९ आणि ८१ अशा दोन रेषा मिळाल्या, ऐंशीवर काहीच नाही. तेव्हा न्यूट्रॉन कुणाला ठाऊकही नव्हता, तो १९३२ मध्ये चॅडविक यांनी दाखवला.

भरारी_८८

मास्तर, मान्य. तांब्याचं मला खटकायचं. मुलं ३४ की ३५ विचारायची आणि मी पुस्तकात असेल ते सांगायचो. पण एनसीईआरटीच्या उदाहरणाचं काय? तिथे तर ८० धरलंय.

निवृत्त_मास्तर

तिथे प्रश्नातच ब्रोमीनच्या डोक्यावर ८० आणि पायाशी ३५ छापलंय, म्हणजे अणुवस्तुमानांक दिलेला आहे. ८० दिला तर उत्तर ४५ च, त्यात वाद नाही. मिनिटांत बदलणारा असला तरी तो अणू आहेच. सोडवणाऱ्याने कुठेही सरासरी गोल केलेली नाही. ताईंच्या चाचणीत मात्र ७९.९० दिलंय, आणि त्यावरून मोजणी काढता येत नाही. दिसायला प्रश्न तोच, पण दिलेली माहिती वेगळी.

सुलभा_नागपूर

माझा प्रश्न इथे बसतो का माहीत नाही. गेल्या वर्षी थायरॉइडच्या गाठीसाठी मला किरणोत्सारी आयोडीन दिलं होतं. कागदावर "१३१" लिहिलेलं होतं. चार दिवस वेगळ्या खोलीत ठेवलं, भांडी वेगळी, नातवाला जवळ घ्यायचं नाही. तेव्हा भीतीपोटी काही विचारलं नाही. हे १३१ म्हणजे तुम्ही म्हणताय तो अणुवस्तुमानांक का? आणि मिठातलं आयोडीन आणि हे, यात फरक काय?

लॅबवाली

सुलभाताई, बसतो, अगदी बसतो. हो, १३१ हा अणुवस्तुमानांकच. आयोडीनचा अणुअंक ५३. निसर्गातलं आयोडीन एकाच प्रकारचं, १२७ चं, त्यात १२७ वजा ५३ म्हणजे ७४ न्यूट्रॉन. तुम्हाला दिलं त्यात १३१ वजा ५३, ७८ न्यूट्रॉन. फरक फक्त चार न्यूट्रॉनचा.

औषधात ते आयोडाइड आयनाच्या रूपात असतं, I⁻, म्हणजे दोन्हीकडे इलेक्ट्रॉन ५४. बाहेरून दोघं सारखे दिसतात म्हणूनच थायरॉइड ग्रंथी ते मिठातल्या आयोडीनसारखंच ओढून घेते. तिला न्यूट्रॉन मोजता येत नाहीत. उपचार चालतो तो यामुळेच.

निवृत्त_मास्तर

यात एक फार सुंदर हिशोब आहे, तो प्राजक्ताताईंच्या लेकीने करून पाहावा. आयोडीन १३१ च्या केंद्रकातला एक न्यूट्रॉन बदलून प्रोटॉन होतो आणि एक इलेक्ट्रॉन वेगाने बाहेर फेकला जातो. दर आठ दिवसांनी उरलेल्यांपैकी निम्म्यांचं असं होतं. बेटी, आयोडाइड आयनापासून सुरुवात कर आणि सांग, शेवटी काय उरलं?

प्राजक्ता_वाई

(लेक टाइप करतेय.) काका, आधी प्रोटॉन ५३, न्यूट्रॉन ७८, इलेक्ट्रॉन ५४. एक न्यूट्रॉन गेला, ७७. एक प्रोटॉन वाढला, ५४. म्हणजे झेनॉन. बेरीज १३१ च राहिली. बाहेर गेलेला इलेक्ट्रॉन केंद्रकातून गेला, म्हणून भोवतालचे ५४ तसेच राहतील ना? मग ५४ धन, ५४ ऋण, प्रभार शून्य. ऋण आयन होता तो काहीही न मिळवता उदासीन अणू झाला?

निवृत्त_मास्तर

बरोबर, बेटी. कागदावरचा हिशोब हाच. प्रत्यक्षात या झटक्यात काही अणूंच्या बाहेरच्या कवचातले एखाददोन इलेक्ट्रॉनही निसटतात, त्यामुळे प्रत्येक अणू उदासीनच निघेल असं नाही. पण बेरीज तू अगदी चोख मांडलीस. बाहेर गेलेला इलेक्ट्रॉन त्या ५४ पैकी नव्हे, हे ओळखलंस तिथेच अर्धं काम झालं.

सुलभा_नागपूर

मला सगळं कळलं असं नाही म्हणणार. पण आठ दिवसांत निम्मं, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर नातवाला जवळ घेण्याचे दिवस मीच मोजले असते. धन्यवाद.

मिलिंद_खेडेकर

माझा इलेक्ट्रॉनचा गोंधळ सुटला. पण आता वेगळीच शंका. अमोनियम, NH₄⁺, असे गट आले तर? प्रभार कुणाच्या खात्यात धरायचा, नायट्रोजनच्या की हायड्रोजनच्या?

लॅबवाली

कुणाच्याच नाही, पूर्ण गटाच्या. सगळ्यांचे प्रोटॉन आधी एकत्र करा, ७ अधिक ४, अकरा. मग एकदाच प्रभार वजा करा: ११ − (+१) = १०. इलेक्ट्रॉन दहा. सल्फेट SO₄²⁻ ला १६ अधिक चार आठे ३२, एकूण ४८, त्यातून −२ वजा केले की ५०. मुलं प्रत्येक ऑक्सिजनला उणे दोन धरून ५६ लिहितात. ताळा केला तर ४८ धन, ५६ ऋण, उणे आठ. असा सल्फेट नसतो.

शून्य_बाकी

मास्तरांचा नियम तपासत बसलो होतो, एक सापडलंय. अणुअंक विषम असेल तर सावध, असं म्हणालात. मग सम असेल तर बिनधास्त का? जस्त, अणुअंक ३०, तक्त्यात ६५.३८. गोल करून ६५, न्यूट्रॉन ३५. पण जस्ताचे टिकाऊ प्रकार शोधले तर ६४, ६६, ६७, ६८ आणि ७०. पासष्ट नाही. इथे प्रोटॉन तर सम आहेत.

निवृत्त_मास्तर

बरोबर पकडलंत. जस्त ६५ किरणोत्सारी आहे, साधारण २४४ दिवसांत निम्मं होतं. मी दिलेला नियम सावध करणारा आहे, तो पाळला म्हणजे गोल करणं सुरक्षित झालं असं नव्हे. सम अणुअंकाच्या मूलद्रव्यांना बरेच टिकाऊ प्रकार असतात, जस्ताला पाच, आणि सरासरी त्यांच्यामध्ये कुठेही पडू शकते. ती एखाद्या असलेल्या प्रकारावर पडेल की नसलेल्यावर, हे तक्त्याकडे बघून सांगता येत नाही. प्रत्येक मूलद्रव्याची यादी पाहावी लागते.

पासष्टच का टिकत नाही आणि सदुसष्ट का टिकतं, याचं दोन ओळींत मावणारं उत्तर माझ्याजवळ नाही. कुणी भौतिकशास्त्रवाले असतील तर लिहा.

भरारी_८८

मला एक प्रामाणिकपणे विचारायचंय. परीक्षेत ७९.९० देऊन न्यूट्रॉन विचारले आणि पर्याय ४४, ४५, ४६, ४७ असे असतील, तर मुलांना काय सांगू? ४४ आणि ४६ दोन्ही पर्यायांत असल्यावर उत्तरपत्रिकेत ४५ च असणार. मार्क तिथेच मिळणार. माझ्या मुलांचं वर्ष पणाला लागलेलं असतं.

लॅबवाली

भरारी सर, तुमची अडचण कळते. पण मग हेच पोर दोन वर्षांनी आमच्याकडे येतं आणि १५७ वर पीक नाही म्हणून सॅम्पल खराब आहे असं लिहून देतं. हे मी पाहिलंय.

निवृत्त_मास्तर

माझं मत, पर्यायांचा प्रश्न असेल तर ४५ ला खूण करावी आणि वेळ मिळाला तर आक्षेप नोंदवावा. लिहायचा प्रश्न असेल तर लेकीने लिहिलं तसंच लिहावं. लॅबवालींना हे पटणार नाही, ठाऊक आहे.

लॅबवाली

नाही पटत, मास्तर. पण पुढचं बोलणं वेगळ्या धाग्यावर करू.

प्राजक्ता_वाई

काल सरांना भेटून आले. भांडायला नाही गेले. लेकीने १५६ आणि १५८ ची दोन पीकं वहीत काढून दिली होती, तीच दाखवली. सर बराच वेळ बघत राहिले. मार्क दिला नाही, कारण चाळीस मुलांचे पेपर परत द्यावे लागतील म्हणाले. पण पुढच्या चाचणीत न्यूट्रॉन विचारले तर डोक्यावर आकडा छापून देईन, असं स्वतःहून म्हणाले. वही दोन दिवस ठेवून घेतली आहे.

लेकीचा आता नवीन प्रश्न आहे. डायब्रोमोबेन्झीन, म्हणजे दोन ब्रोमीन असलेला रेणू यंत्रात घातला तर किती पीकं येतील? तिचं उत्तर तीन, मधलं सगळ्यात उंच. बरोबर आहे का?

लॅबवाली

पीकांचे आकडे आणि उंचीचं प्रमाण तिने आधी लिहून पाठवावं. माझ्याकडचा कागद मी सोमवारी टाकते, मग ताडून बघू.